चप्पल पायातून निसटली तरी कळेना: बी-१२ "नॉर्मल" आलेल्या एका काकूंची केस

पार्श्वभूमी

पेशंट ५४ वर्षांच्या काकू. ओळख लागू नये म्हणून वय, काम वगैरे थोडं इकडचं तिकडं केलंय, पण आकडे आणि काय कशानंतर झालं ते जसंच्या तसं आहे. जन्मापासून शाकाहारी, अंडंसुद्धा कधी खाल्लेलं नाही. दूध-दही मात्र आधी भरपूर होतं, पाचेक वर्षांपूर्वी दुधाने पोट फुगायला लागलं म्हणून ते बंद केलं आणि मग उरलं ते फक्त चहात पडेल तेवढं. त्यानंतर पुढे ॲसिडिटी सुरू झाली आणि पॅन्टोप्राझोलची गोळी रोज सकाळी एक, अशी लागली ती लागलीच. कोणी सुरू केली ते त्यांना आठवत नव्हतं, बंद कर असं कोणी सांगितलंच नाही, तीन वर्षं झाली म्हणाल्या.

आठ महिन्यांपूर्वी दोन्ही पायांच्या बोटांना मुंग्या यायला लागल्या. आधी रात्रीच, मग दिवसाही, मग तळपायाखाली कापूस ठेवलाय असं वाटायला लागलं. त्यांनी आधी दुसरीकडे दाखवलं, तिथे कमरेचा एमआरआय झाला, त्यात एक चकती किंचित फुगलेली दिसली आणि "नस दबलीय" हे निदान पक्कं झालं. बेल्ट, नसांच्या दुखण्यावरची प्रिगॅबालिन, व्यायाम. पन्नाशीनंतरच्या ज्या माणसाला कमरेचा काहीच त्रास नाही त्याचाही एमआरआय काढला तरी चकती बऱ्याचदा थोडी फुगलेली निघते, त्यामुळे तो रिपोर्ट बघून मला काही फारसं पटलं नव्हतं. पण पटलं नाही म्हणून मी लगेच शहाण्यासारखं वागलो असं नाही, ते पुढे येईलच.

नेमका प्रॉब्लेम काय होता

त्या माझ्याकडे आल्या ते मुंग्यांसाठी नाहीच, पडल्या म्हणून आल्या. मुलगा सोबत होता. तो म्हणाला, "डॉक्टर, आई बेसिनपाशी तोंड धूत होती, डोळ्यांना साबण लागला म्हणून मिटले आणि बाजूला कलंडली." काकू म्हणाल्या पाय घसरला असेल. मग जरा वेळाने स्वतःच म्हणाल्या की हल्ली चालताना एक चप्पल मागे राहते आणि दहा पावलं गेल्यावर खाली बघितलं की कळतं पाय अनवाणी आहे.

ही दोन वाक्यं त्या केसमधली सगळ्यात महत्त्वाची माहिती होती. आपण सरळ उभे आहोत की नाही हे मेंदूला तीन ठिकाणांहून कळतं, डोळे, कानाच्या आतलं तोलाचं यंत्र, आणि पायांतून वर जाणाऱ्या जाड नसा. तिसरी वाट बिघडली की माणूस नकळत डोळ्यांवर भागवायला लागतो, मग अंधारात किंवा तोंड धुताना डोळे मिटले की तोल जातो. कमरेत एखादी नस दबली तर सहसा एका पायात, एका पट्ट्यात दुखतं, दोन्ही पायांना अगदी सारख्या मुंग्या आणि वर हा तोल जाण्याचा प्रकार तिथे बसत नाही.

मी त्या दिवशी नेहमीच्या टेस्ट लिहून दिल्या, शुगर, थायरॉईड, किडनी, सीबीसी. शुगर आणि एचबीए१सी छान, थायरॉईड छान, क्रिएटिनिन छान. हिमोग्लोबिन १२.१ आणि एमसीव्ही, म्हणजे लाल पेशीची सरासरी साईज, ८८.

आणि इथे मी चुकलो.

पहिला निर्णय, जो चुकला

डोक्यात कॉलेजपासून बसलेलं समीकरण असं की बी-१२ कमी म्हणजे ॲनिमिया आणि मोठ्या पेशी, एमसीव्ही १०० च्या वर. इथे दोन्ही नाही, मग बी-१२ नसणार. मी काकूंना म्हणालो, रक्त चांगलं आहे, व्हिटॅमिनचा प्रश्न दिसत नाही, प्रिगॅबालिन चालू ठेवा, तीन आठवड्यांनी या. त्या तीन आठवड्यांत त्यांनी मेडिकलमधून "नसांची गोळी" आणून घ्यायला सुरुवात केली, कोणीतरी सांगितली म्हणून, आणि त्यात काय आहे हे ना त्यांनी विचारलं ना पुढच्या वेळी आल्यावर मी.

हे समीकरण चुकीचं आहे हे नवीन नाहीये, १९८८ सालीच एका गाजलेल्या अभ्यासात बी-१२ कमतरतेमुळे नसांचा किंवा मेंदूचा त्रास झालेल्या १४१ पेशंटपैकी ४० जणांना ॲनिमियाही नव्हता किंवा पेशीही मोठ्या नव्हत्या. म्हणजे चारातला एक आणि वर. रक्त आणि नसा एकाच वेळी बिघडतील असा काही नियम नाही, काहींचं रक्त आधी जातं, काहींच्या नसा.

काकूंच्या बाबतीत तर आणखी एक भानगड होती. नंतर फेरिटिन केलं तर ते ९ आलं, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा जवळजवळ संपलेला. लोह कमी असलं की पेशी लहान होतात, बी-१२ कमी असलं की मोठ्या, दोन्ही एकदम कमी असलं की सरासरी येते मधोमध आणि रिपोर्ट दिसतो एकदम गुणी. खरं तर त्याच सीबीसीत पुरावा होता. आरडीडब्ल्यू नावाचा एक आकडा असतो, पेशींच्या साईजमध्ये किती फरक आहे ते सांगणारा, तो साधारण १४-१५ च्या आत पाहिजे आणि इथे होता १७.८. लहान आणि मोठ्या पेशींची खिचडी. मी एमसीव्ही बघून पान उलटलं होतं.

दुसरा निर्णय: २६२ चं काय करायचं

तीन आठवड्यांनी काकू आल्या तेव्हा सुधारणा शून्य. मग बी-१२ पाठवलं. आलं २६२ पिकोग्रॅम. लॅबची खालची मर्यादा २११, म्हणजे आकडा ठळक नाही, बाण नाही, काही नाही. मुलगा मोबाईलवर रिपोर्ट दाखवत म्हणाला, "हे तर रेंजमध्ये आहे ना?"

रेंजमध्ये होतं. पण बी-१२ ची रेंज ही शुगरसारखी नसते. २०० च्या खाली असेल तर कमतरता जवळपास नक्की, ३०० च्या वर असेल तर सहसा नाही, आणि मधला पट्टा हा "माहीत नाही" असा पट्टा आहे. लॅबनुसार, देशानुसार या सीमा थोड्या सरकतात, पण मधला करडा पट्टा सगळीकडेच आहे. कारण ही टेस्ट रक्तात फिरणारं सगळं बी-१२ मोजते आणि त्यातलं बहुतेक एका अशा प्रथिनाला चिकटलेलं असतं जे ते पेशींना देतच नाही. पेशींना मिळतं ते दुसऱ्या प्रथिनावरचं, आणि तो हिस्सा छोटा असतो.

मग मला सुचलं ते विचारलं, काकू, मधल्या काळात काही नवीन गोळी? पिशवीतून त्यांनी ती पट्टी काढली. मिथाइलकोबालामिन, म्हणजे बी-१२ चंच एक रूप, १५०० मायक्रोग्रॅम, सोबत बी-६ आणि फोलिक ॲसिड. पंधरा दाणे संपले होते.

म्हणजे २६२ हा आकडा गोळ्या खाऊन आलेला. आता गणित बघा. तोंडावाटे मोठा डोस घेतला तर नेहमीच्या रस्त्याने, म्हणजे जठरातल्या इन्ट्रिन्सिक फॅक्टर नावाच्या प्रथिनाला धरून, एका वेळी फार तर दीड-दोन मायक्रोग्रॅम आत जातं, बाकीच्यातलं साधारण एक टक्का आपोआप झिरपतं. १५०० चा एक टक्का १५, वर दोन धरा, म्हणजे एका गोळीतून १७. पंधरा गोळ्यांचे अडीचशे मायक्रोग्रॅम. निरोगी माणसाच्या शरीरातला साठा असतो दोन ते पाच हजार मायक्रोग्रॅम, मुख्यतः लिव्हरमध्ये. रक्तातला आकडा वर ढकलायला अडीचशे पुरतात, टाकी भरायला नाही.

इतकी वर्षं मग चाललं कसं, हा प्रश्न मुलाने विचारला आणि तो रास्त आहे. रोजची गरज दोन-अडीच मायक्रोग्रॅमच आहे, लिव्हर पित्तातून बी-१२ आतड्यात सोडतं आणि पुढे ते परत शोषलं जातं, त्यामुळे टाकी वर्षानुवर्षं पुरते. पण हे व्हिटॅमिन झाडं बनवतच नाहीत, बनवतात फक्त जिवाणू, आपल्याला ते मिळतं प्राण्यांकडून आलेल्या अन्नातून. शाकाहारी माणसाचा एकमेव मोठा नळ म्हणजे दूध आणि दुधाचे पदार्थ. काकूंची टाकी आधीच अर्धीमुर्धी असणार, तो नळ पाच वर्षांपूर्वी बंद झाला आणि चहातल्या दुधातून जे थेंब येत होते तेही अन्नापासून सुटं व्हायला जठरात ॲसिड लागतं, ते पॅन्टोप्राझोलने तीन वर्षं दाबलेलं. त्या मधे एकदा आरोग्याचं म्हणून स्पिरुलिनाही घेत होत्या. शेवाळ्याच्या त्या पावडरीत जे असतं ते बहुतांश बी-१२ सारखं दिसणारं पण आपल्या शरीराला न चालणारं रूप असतं, आणि काही टेस्टना ते खऱ्यासारखंच वाटतं.

तपासताना काय दिसलं

आठ महिने आणि तीन आठवडे झाले तरी त्यांचे पाय कोणी नीट तपासले नव्हते, मीसुद्धा नाही. त्या दिवशी तपासले. १२८ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क ठोकून अंगठ्याच्या हाडावर ठेवला आणि विचारलं, थरथर जाणवतेय? "गार लागतंय," म्हणाल्या. थरथर नाही. घोट्यावर ठेवला, तीन-चार सेकंद जाणवली आणि गेली, तोच फोर्क उचलून लगेच माझ्या घोट्यावर ठेवला तर मला अजून चांगली थरथर लागत होती. गुडघ्यावर ठीक. टाचणीची टोच मात्र बोटांनाही बऱ्यापैकी कळत होती. म्हणजे जाड नसांचा हिस्सा जास्त गेलेला, बारीक नसांचा कमी, डायबेटिसमध्ये बऱ्याचदा सुरुवात उलटी असते.

घोट्याचा रिफ्लेक्स दोन्हीकडे गायब. गुडघ्याचा मात्र नेहमीपेक्षा जोरात. हे वाचायला क्षुल्लक वाटतं, पण माझ्यासाठी धोक्याची घंटा तीच होती. घोट्याचा गेला म्हणजे पायातली नस बिघडली, गुडघ्याचा वाढला म्हणजे वर पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूतही काहीतरी सुरू आहे. दोन्ही एका वेळी बिघडवणारी जी मोजकी कारणं आहेत त्यात बी-१२ सगळ्यात वर. पाय जुळवून उभं करून डोळे मिटायला सांगितलं, चार सेकंदात डोलल्या, मुलाने धरलं.

पर्याय काय काय होते

एक, रिपोर्ट नॉर्मल मानून कमरेवरच उपचार चालू ठेवणे. तपासणी झाल्यावर याचा विचार करण्यात अर्थ नव्हता.

दोन, फार डोकं न लावता बी-१२ ची इंजेक्शनं सुरू करून टाकणे आणि फरक पडतो का बघणे. बरेच जण हेच करतात, आणि खरं सांगायचं तर ते फारसं धोक्याचं नाही, बी-१२ जास्त झालं तर लघवीतून निघून जातं. प्रॉब्लेम एवढाच की नसा बऱ्या व्हायला महिने लागतात, त्यामुळे सहा आठवड्यांनी फरक नसला तर निदान चुकलं की वेळ कमी पडला हे कळायला मार्ग राहत नाही, आणि इंजेक्शन दिल्यावर कुठलीही टेस्ट मागे जाऊन करता येत नाही.

तीन, आधी खात्री करणे. ॲक्टिव्ह बी-१२ ची टेस्ट असते, पेशींना मिळणारा तो छोटा हिस्सा मोजणारी, पण गोळ्या चालू असताना तोही आकडा चटकन वर जातो म्हणून इथे तिचा उपयोग कमी. राहिल्या दोन, होमोसिस्टीन आणि मिथाइलमॅलॉनिक ॲसिड, म्हणजे एमएमए. या बी-१२ मोजत नाहीत, बी-१२ चं काम होतंय की नाही ते मोजतात. शरीरात बी-१२ ला दोनच कामं आहेत. एका ठिकाणी ते होमोसिस्टीनपासून मिथिओनिन बनवायला लागतं, दुसऱ्या ठिकाणी एमएमएच्या रस्त्यावरचा माल पुढे सरकवायला. कामगार कमी पडले की दोन्हीकडे कच्चा माल साचतो आणि तो रक्तात दिसतो. फोलेट कमी असेल तर फक्त होमोसिस्टीन वाढतं, एमएमए वाढत नाही, म्हणून दुसरी टेस्ट जास्त बोलकी. किडनी खराब असेल तर दोन्ही उगाचच वाढतात, काकूंची किडनी चांगली होती हे आधीच माहीत होतं.

चार, न्यूरॉलॉजिस्टकडे पाठवून ते म्हणतील ते. पाठवायचं होतंच, प्रश्न तोपर्यंत थांबायचं का हा होता.

आम्ही काय केलं

तिसरा पर्याय घेतला पण थांबलो नाही. त्याच दिवशी सगळ्या टेस्टचं रक्त काढलं आणि रक्त काढून झाल्यावर दहा मिनिटांत पहिलं इंजेक्शन दिलं. मज्जारज्जूची लक्षणं असताना रिपोर्टची वाट बघत आठवडा घालवणं मला परवडणारं नव्हतं, कारण इथे किती बरं होणार हे बरंचसं उपचार किती लवकर सुरू झाले त्यावर ठरतं.

एक बारीक गोष्ट, होमोसिस्टीनची ट्यूब लगेच बर्फात ठेवून वेळेत सेंट्रिफ्यूज करायला हवी, नाहीतर ट्यूबमधल्या लाल पेशी होमोसिस्टीन सोडत राहतात आणि आकडा खोटा वाढतो. लॅबला फोन करून सांगितलं. इन्ट्रिन्सिक फॅक्टरविरोधी अँटीबॉडीही त्याच रक्तात घेतली, एक तर इंजेक्शननंतर लगेच ती केली तर काही पद्धतींत खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते, आणि दुसरं म्हणजे ती खरीच पॉझिटिव्ह असेल तर बी-१२ चा आकडाच खोटा नॉर्मल येऊ शकतो.

रिपोर्ट पाच दिवसांत आले. होमोसिस्टीन ३४, पाहिजे १५ च्या आत. एमएमए ०.९२ मायक्रोमोल, त्या लॅबची वरची मर्यादा ०.४०. फोलेट चांगलं. अँटीबॉडी निगेटिव्ह. म्हणजे २६२ असूनही पेशी उपाशीच होत्या. पॅथॉलॉजिस्टना स्लाईड परत बघायला सांगितली तर पाच-सहा खंडांचे केंद्रक असलेल्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशीही सापडल्या, हीसुद्धा बी-१२ कमतरतेची जुनी ओळखीची खूण.

न्यूरॉलॉजिस्टनी मानेचा एमआरआय केला, गुडघ्याचा रिफ्लेक्स वाढलेला म्हणून मानेत काही दाबत नाही ना ते बघायला. काही दबलेलं नव्हतं, आणि बी-१२ मध्ये मज्जारज्जूच्या मागच्या बाजूला जी उलट्या व्हीसारखी चमक दिसते तीही नव्हती. ती नसली म्हणून आजार नाही असं होत नाही. नसांच्या वेगाच्या टेस्टमध्ये पायाच्या संवेदनेच्या नसांचे सिग्नल बारीक झालेले दिसले.

उपचार असे. हायड्रॉक्सोकोबालामिन, हेही बी-१२ चंच एक रूप, १ मिलिग्रॅम स्नायूत, एक दिवसाआड, तीन आठवडे. मग तपासून, सुधारणा चालू दिसली म्हणून आठवड्याला एक असं आणखी तीन महिने, त्यानंतर रोज तोंडावाटे १००० मायक्रोग्रॅम. काही ठिकाणी सायनोकोबालामिन वापरतात, आधी आठवडाभर रोज, मग आठवड्याला, मग महिन्याला, तेही चालतं. काहीजण नसांसाठी मिथाइलच पाहिजे म्हणतात, पण हायड्रॉक्सो आणि सायनो दोन्ही शरीर स्वतः हव्या त्या रूपात बदलून घेतं, मी त्या वादात पडलो नाही. नसांचा त्रास असताना सुरुवात इंजेक्शनने करावी यावर मात्र मी ठाम आहे.

मुलाने विचारलं, पुढे गोळी आतड्यातून लागणार असेल तर आधी का नाही लागली? गोळीतलं बी-१२ सुटं असतं, त्याला अन्नापासून तोडायला ॲसिड लागत नाही, म्हणून पॅन्टोप्राझोल किंवा शाकाहार हे कारण असेल तर गोळी चालते. अँटीबॉडी पॉझिटिव्ह आली असती, म्हणजे शरीर स्वतःच इन्ट्रिन्सिक फॅक्टरवर उलटतं तो पर्निशस ॲनिमिया, तर बहुतेक आयुष्यभर इंजेक्शनवरच ठेवलं असतं. अँटीबॉडी निगेटिव्ह असली तरी तो आजार पूर्ण सुटत नाही, जवळपास निम्म्या पेशंटमध्ये ती सापडतच नाही. पण इथे लोह का कमी हे बघायला एन्डोस्कोपी आणि कोलोनोस्कोपी तशीही करायची होती, पाळी बंद झालेल्या बाईचं फेरिटिन ९ असेल तर आतून रक्त जात नाही ना हे बघावंच लागतं. काही सापडलं नाही, जठराचं अस्तरही चांगलं होतं. लोहाच्या गोळ्या सुरू केल्या, पॅन्टोप्राझोल हळूहळू कमी करून सहा आठवड्यांत बंद केलं, ॲसिडिटी मधे थोडी उसळली आणि मग बसली.

ती नसांची गोळी पहिल्याच दिवशी बंद केली. त्यातलं फोलिक ॲसिड एकटं पडलं तर रक्त सुधारवून दाखवतं आणि नसा मात्र बिघडत राहतात, आणि बी-६ जास्त दिवस जास्त डोसमध्ये घेतलं तर ते स्वतःच पायांना मुंग्या आणतं. मुंग्यांवर घेतलेल्या गोळीने मुंग्या, हा विनोद मी प्रत्यक्ष एका दुसऱ्या पेशंटमध्ये बघितलाय.

मधला गोंधळ

दहाव्या दिवशी काकूंचा फोन, "डॉक्टर, मुंग्या वाढल्यात, आता तर पायाला आग होते, ही सुई मला सोसत नाहीये, बंद करूया." हे काही पेशंटमध्ये होतं, सुरुवातीच्या काही आठवड्यांत त्रास आधी थोडा वाढतो. हे मी त्यांना आधी सांगायला हवं होतं आणि सांगितलं नव्हतं. बोलावलं, परत तपासलं, तोल बिघडलेला नव्हता, ताकद तशीच होती, म्हणून चालू ठेवलं आणि रात्रीची प्रिगॅबालिन थोडी वाढवली. पंधरा दिवसांत आग कमी झाली.

दुसरा गोंधळ दोन महिन्यांनी. मुलाने आपणहून बी-१२ तपासून आणलं आणि रिपोर्टवर २००० च्या वर. तो घाबरून म्हणाला की ओव्हरडोस झालाय, या आठवड्याचं देऊ नका. इंजेक्शन चालू असताना हा आकडा असाच येणार, तो फक्त सुई टोचली गेली एवढंच सांगतो, नसा कुठवर आल्यात ते नाही. त्यापेक्षा तीन महिन्यांनी होमोसिस्टीन आणि एमएमए परत केलं, ११ आणि ०.२१. ही खरी पावती.

निकाल

सहा आठवड्यांनी काकू म्हणाल्या चप्पल आता मागे राहत नाही, आणि मुंग्या तेवढ्याच आहेत. हा क्रम मला आवडला, कारण पेशंट मुंग्या मोजत बसतो आणि आधी सुधारतो तो बऱ्याचदा तोल. तीन महिन्यांनी घोट्यावर ट्यूनिंग फोर्क आठ सेकंद, अंगठ्यावर पुसटसा. डोळे मिटून अर्धा मिनिट उभ्या. सहा महिन्यांनी मुंग्या घोट्यापासून उतरून फक्त बोटांच्या टोकांना राहिल्या, प्रिगॅबालिन बंद. एक वर्षानंतर बोटांच्या टोकांची ती सुन्नता अजून आहे, गुडघ्याचा रिफ्लेक्स नेहमीसारखा झालाय, घोट्याचा अजूनही परत आलेला नाही. सुधारणेचा मोठा भाग पहिल्या सहा ते बारा महिन्यांतच होतो, त्यामुळे आता जे उरलंय ते बहुधा राहणार असं मी त्यांना सांगून टाकलंय.

काय वेगळं करता आलं असतं

माझे तीन आठवडे मी स्वतः वाया घालवले, एमसीव्हीच्या नादाने. पहिल्याच दिवशी ट्यूनिंग फोर्क लावला असता तर बी-१२ चं रक्त त्याच दिवशी तपासायला गेलं असतं, आणि तेव्हा नसांची गोळी पोटात नव्हती म्हणून आकडा बहुतेक सरळ २०० च्या खाली येऊन पुढच्या महागड्या टेस्टची गरजच पडली नसती. फोर्कला दोन मिनिटं लागतात.

त्याहीआधीचे आठ महिने कमरेच्या एमआरआयने खाल्ले. तिथे मी नव्हतो, पण दोन्ही पायांना सारख्या मुंग्या, कंबर न दुखता, आणि पेशंट शाकाहारी, एवढ्यावर एमआरआयच्या आधी रक्त तपासायला हवं होतं.

आणि पॅन्टोप्राझोल. जो पेशंट मांस-अंडी खात नाही आणि दूधही सोडलंय, त्याला ही गोळी वर्षभराच्या वर चालू ठेवायची तर सोबत बी-१२ ची छोटी गोळी द्यावी किंवा वर्षातून एकदा तपासावं, डायबेटिसची मेटफॉर्मिन चालू असलेल्यांचंही तेच. हे मी आता करतो, तेव्हा करत नव्हतो.

एमएमए सगळ्यांचं करावं असं मात्र मला वाटत नाही. आकडा १२० आला, पायाला मुंग्या आहेत, आहार स्पष्ट आहे, तर सरळ उपचार सुरू करावेत. ती टेस्ट मधल्या पट्ट्यासाठी आणि काकूंसारख्या आधीच गोळ्या खाऊन आलेल्यांसाठी.

जाता जाता मुलाचं बी-१२ करून घेतलं, तो त्याच घरात तेच खाऊन मोठा झालेला आणि आईसोबत दूध त्यानेही सोडलेलं. १४८ आलं. लक्षण एकही नाही, फोर्क अंगठ्यावर व्यवस्थित वाजत होता. त्याला रोज १००० ची गोळी लावलीय, तीन महिन्यांनी परत तपासणार आहे.